मैफलीचं परीक्षण: ‘काहीतरी कमी वाटलं’ हे सिद्ध कसं करायचं?

प्रश्न: संगीत समीक्षेचा कोर्स करतेय. एका ख्यालगायनाच्या मैफलीचं हजार शब्दांत परीक्षण लिहायचं आहे. पहिल्या खर्ड्यावर सरांचा शेरा आला: ‘वर्णन भरपूर, मत निराधार.’ म्हणून दुसऱ्या खर्ड्यात प्रत्येक आवर्तनात काय झालं ते लिहिलं, तर शेरा आला: ‘हा अहवाल झाला, परीक्षण कुठे आहे?’ वर्णन, मूल्यमापन आणि पुरावा यांचं प्रमाण नेमकं किती ठेवायचं?

उत्तर: प्रमाण ठरवायला बसलात की तिसऱ्या खर्ड्यावरही शेरा येईल. चाळीस टक्के वर्णन, तीस टक्के मत, तीस टक्के पुरावा असं वाटप परीक्षणात होत नाही, कारण या तीन वेगळ्या वस्तूच नाहीत. मैफलीतली एखादी जागा तुम्ही जशी ऐकली तशी लिहिली की ते वर्णन असतं. त्याच जागेवर तुमचं एखादं मत उभं राहिलं की ती जागा पुरावा होते. तुमच्या पहिल्या खर्ड्यातल्या वर्णनावर कुठलंच मत उभं नव्हतं, आणि दुसऱ्यात उभं राहायला मतच शिल्लक नव्हतं. दोन्ही शेरे एकाच दुखण्याचे आहेत.

मी वर्तमानपत्रासाठी परीक्षणं लिहितो आणि विद्यार्थ्यांची तपासतोही. पुढचं सगळं त्या अनुभवातून आहे आणि हिंदुस्थानी ख्यालापुरतं आहे. काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. सरांना जाणकारांसाठी लिहिलेलं हवंय की सर्वसाधारण वाचकासाठी, हे आधी विचारून घ्या. त्यावर ‘वादी’, ‘उत्तरांग’ हे शब्द मोकळे वापरायचे की समजावून सांगायचे ते ठरेल. तुम्ही स्वतः गाणं शिकला आहात की फक्त ऐकता, यावर तुमचा पुरावा कुठल्या जातीचा असेल ते ठरेल. फक्त ऐकणाऱ्यालाही चांगलं परीक्षण लिहिता येतं. अट एवढीच, की जे आपल्या कानाला कळलेलं नाही ते कळल्यासारखं लिहू नये.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ. एका तरुण गायिकेची संध्याकाळची बैठक आहे. भूपातला बडा ख्याल, विलंबित एकताल, मग द्रुत तीनताल. विद्यार्थ्यांच्या खर्ड्यात असल्या मैफलीचा परिच्छेद साधारण असा येतो:

‘गायिकेने भूप रागातील विलंबित ख्यालाने मैफलीची सुरुवात केली. रागाचे सौंदर्य त्यांनी अलगद उलगडले. आलापी भावपूर्ण होती. पल्लेदार तानांनी रसिक मंत्रमुग्ध झाले. मैफल उत्तरोत्तर रंगत गेली. मात्र कुठेतरी काहीतरी कमी वाटले.’

यातली पहिली पाच वाक्यं उचलून कुठल्याही गायिकेच्या कुठल्याही रागावरच्या परीक्षणात टाका, एक राग बदलला की बसतात. त्या मैफलीला लिहिणारा हजर होता याची एकही खूण त्यांत नाही. शेवटचं वाक्य लाजत लाजत आलंय, पण परिच्छेदातलं एकमेव खरं वाक्य तेच आहे. लिहिणाऱ्याला खरोखर काहीतरी खटकलं होतं. ते काय, हे शोधायला तो वहीकडे गेला नाही.

वही कशी असावी? माझी तरी फार कोरडी असते. तिच्यात विशेषण नसतंच म्हणा ना. वरच्या मैफलीची नोंद साधारण अशी दिसेल:

‘६.४२ भूप. वि. एकताल. आवर्तन ४६ सेकंद.
ग वर मुक्काम. तीन-चार आवर्तनं. फार छान, घाई नाही.
मंद्र ध एकदाच. लगेच वर.
६.५१ तार सा!
मग वरच. ध, ध, ध. देशकार?
पेटी मागे मागे, बरोबर.
७.१२ ताना. आवर्तन ३४ सेकंद.
७.२४ द्रुत. मुखडा ग वर. परत खाली आली.’

आवर्तनाचे सेकंद मनगटावरच्या घड्याळात पाहून टिपता येतात. एका समेपासून पुढच्या समेपर्यंत मोजायचं, सुरुवातीला एकदा आणि ताना सुरू झाल्यावर एकदा. बारा मात्रांना ४६ सेकंद म्हणजे मात्रेला पावणेचार सेकंदांहून थोडं जास्त, आणि ३४ म्हणजे तीनच्या आत. ‘लय हळूहळू वाढवत नेली’ असं लिहायचं झालं तर ते आता नुसतं वाटणं राहिलं नाही. हे आकडे परीक्षणात छापायलाच हवेत असं मात्र नाही. बहुतेकदा छापू नयेत. आपण जे म्हणतोय ते खरं आहे ना, याची खात्री स्वतःला करून घेण्यासाठी ते असतात.

आता त्या ‘काहीतरी’कडे येऊ. वहीतल्या वेळा पाहा. ख्याल ६.४२ला सुरू झाला आणि ६.५१ला तार षड्ज लागला. म्हणजे नऊ मिनिटं, ४६ सेकंदांच्या हिशेबाने सुमारे बारा आवर्तनं. बडा ख्याल चालला बेचाळीस मिनिटं. उरलेली तेहेतीस मिनिटं गाणं प्रामुख्याने पंचमाच्या वर राहिलं. भूपात हे महत्त्वाचं आहे, कारण भूपाचा वादी गंधार आहे आणि रागाचा जीव सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, पूर्वांगात, आहे. सा रे ग प ध हेच पाच स्वर घेऊन धैवतावर जोर दिला आणि वरच्या अर्ध्यात वावरलात की सकाळचा देशकार दिसायला लागतो. दोन्ही रागांचे स्वर तेच, मुक्काम वेगळे. वहीतलं ‘देशकार?’ हे प्रश्नचिन्ह त्या क्षणी कानाने घातलेलं होतं. घरी आल्यावर त्याचं कारण वेळांमध्ये सापडलं.

म्हणजे जे कमी वाटलं ते भाव नव्हता, तयारी नव्हती, सूरही नव्हता. खालच्या भागातला मुक्काम कमी होता. आता परिच्छेद असा लिहिता येतो:

‘भूपाच्या गंधारावर गायिकेने पहिली तीन-चार आवर्तनं अशा निवांतपणे भरली की आता सप्तकाचा खालचा अर्धा भाग सावकाश फिरून पाहायला मिळणार असं वाटलं. ते झालं नाही. मंद्र धैवताला एकदाच स्पर्श झाला, आणि दहा मिनिटांच्या आत तार षड्ज आला. तो लखलखीत लागला, त्याबद्दल दुमत होणार नाही. पण त्यानंतरचा अर्धा तास गाणं जवळजवळ वरच राहिलं, आणि धैवतावरचा मुक्काम एवढा वाढला की मधूनमधून देशकाराची चाहूल लागली. द्रुत बंदिशीचा मुखडा गंधारावर येत होता, त्याने गाणं पुन्हा खाली ओढून आणलं, आणि तिथे भूप पुरता भूप झाला.’

यात मत कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येणार नाही, तरी मत काय आहे हे कुणालाही कळेल. ज्याला पटणार नाही त्याला भांडायला जागाही आहे. कुणी म्हणेल, देशकाराची चाहूल तुम्हाला लागली, मला नाही. ठीक आहे. पण तार षड्ज दहा मिनिटांच्या आत आला की नाही, यावर वाद होऊ शकत नाही. पुराव्याची माझी व्याख्या एवढीच आहे: शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या, वेगळं मत असलेल्या श्रोत्याने ‘हो, हे झालं खरं’ असं म्हणायला हवं.

ही कसोटी लावली की पुराव्याच्या वेषात आलेल्या बऱ्याच गोष्टी गळतात. टाळ्या घ्या. टाळ्या पडल्या हे खरं, पण त्यातून श्रोते खूश झाले एवढंच सिद्ध होतं. तिहाईवर टाळ्या पडतातच. त्यापेक्षा एखाद्या अनपेक्षित जागी, समेच्याही आधी, पुढच्या रांगेतून नकळत दाद गेली असेल तर ती टिपून ठेवा आणि ती जागा कोणती होती ते लिहा. मग दाद ही त्या जागेची साक्षीदार होते. गुरूंची नावं आणि पुरस्कार यांचंही तेच. निवेदकाने पाच मिनिटं वाचलेला परिचय परीक्षणात एका वाक्यात आटपायचा. पुरस्काराने आजचा मंद्र धैवत लागत नाही.

यापुढचा प्रश्न जास्त नाजूक आहे, आणि चांगले विद्यार्थीही तिथे अडखळतात. तुम्ही कुठल्या मापाने मोजताय? वरच्या उदाहरणात मी ‘खालचा मुक्काम कमी’ हा दोष धरला. तो कधी दोष ठरतो? गायिका स्वराच्या बढतीचं गाणं गात असेल तेव्हा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या किराणा घराण्यात एकेक स्वर घेऊन, त्याचा पुरता विस्तार करून वर चढायचं असतं. गंधारावर तीन-चार आवर्तनं थांबून या गायिकेने आपण तसं गाणार आहोत असं स्वतःच सुचवलं होतं. म्हणून ते माप तिला लागू होतं. तीच गायिका आग्र्याचं, फैयाज खाँसाहेबांच्या वळणाचं, बंदिशीच्या बोलांशी लयीत खेळणारं गाणं गात असती, तर ‘स्वरविस्तार तोकडा’ ही तक्रार अर्ध्याहून अधिक फोल ठरली असती. तिथे बोल कसे पाडले, मुखडा किती वेगवेगळ्या वाटांनी गाठला, हे पाहायचं. अल्लादिया खाँसाहेबांच्या जयपूर-अत्रौली परंपरेत विलंबितसुद्धा मुळातच एवढा संथ नसतो, आलाप आणि तान एकमेकांत गुंफून येतात. तिथे ‘निवांतपणा नव्हता’ असं लिहिणं म्हणजे आपलं अज्ञान छापून आणणं. देशकाराचा आक्षेप मात्र तिन्हीकडे उभा राहतो, कारण तो गायकीचा प्रश्न नाही, रागाचा आहे.

म्हणून नकारात्मक मत लिहिण्याआधी स्वतःला विचारा: हे करायचं तिने कबूल केलं होतं का? कबुली शब्दांत मिळत नाही. ती घराण्यात असते, निवडलेल्या तालात-लयीत असते आणि मुख्यतः पहिल्या पाच मिनिटांत असते. घराण्याचं नाव ऐकून आंधळेपणाने माप काढू नका, हेही सांगायला हवं. आज अनेक गायक दोन-तीन परंपरांतून शिकलेले असतात. परिचयात काय वाचलं यापेक्षा मंचावर काय सुरू केलं ते जास्त धरा.

आता तुमच्या दुसऱ्या खर्ड्याबद्दल. ‘पुरावा द्या’ असं सांगितलं की जवळजवळ प्रत्येकजण रोजनामचा लिहितो. चौथ्या आवर्तनात हे, पाचव्यात ते, मग सरगम, मग ताना. त्यावर एक साधा उपाय आहे. खर्डा छापून घ्या आणि समासात प्रत्येक वाक्यासमोर ‘व’, ‘म’ किंवा ‘पु’ लिहा. ज्या ‘म’च्या आगेमागे दोन वाक्यांत ‘पु’ नाही, तिथे वहीत जाऊन पुरावा शोधा. नाही सापडला तर ते मत खोडा, कितीही आवडलं असलं तरी. आणि जे ‘व’ कुठल्याच ‘म’कडे जात नाही तेही खोडा. राग, ताल, साथीदार, सभागृह, वेळ एवढी वाक्यं सोडून द्या, ती वाचकाला बसायला जागा देतात. हजार शब्दांच्या परीक्षणात माझ्या मते तीन, फार तर चार मतं नीट पेलतात. एका मताला एक चांगली जागा पुरते. मत प्रतिकूल असेल तर दोन द्या, कारण एकदा घडलेल्या गोष्टीला सवय म्हणणं अन्यायाचं आहे. सम एकदा चुकली असेल तर ‘एकदा चुकली’ असं लिहा किंवा सोडून द्या. ‘लयीवरची पकड ढिली’ असं लिहायचं तर दुसरी जागा हवी.

कारणं शोधण्याचा मोहही आवरा. तार सप्तकात आवाज फाटला तर ‘तार गंधारावर आवाज दोनदा फाटला’ इथेच थांबा. सर्दी होती, रियाज कमी पडला, प्रवासाचा शीण होता, हे तुम्हाला माहीत नाही. कलाकाराने मंचावरून स्वतः सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

ध्वनियोजनेचं तसंच. तुम्ही डाव्या बाजूला स्पीकरच्या तोंडाशी बसला असाल तर बायाँच्या घुमाऱ्यात गायिकेचा खर्ज बुडाला असण्याची दाट शक्यता आहे. वरच्या उदाहरणात तर हा प्रश्न कळीचा आहे. मंद्रात ती खरंच उतरली नाही, की उतरली आणि मला ऐकू आली नाही? मध्यंतरात उठून सभागृहात मागे, मध्यभागी जाऊन बसावं, आणि दुसऱ्या बाजूला बसलेल्या एखाद्या जाणत्या श्रोत्याला विचारावं. शंका उरलीच तर परीक्षणात एक वाक्य घाला: ‘मी बसलो होतो तिथून तबला वाजवीपेक्षा मोठा ऐकू येत होता.’ त्याने तुमचं मत दुबळं होत नाही, वाचकाला ते किती धरायचं ते कळतं.

ध्वनिमुद्रण करावं का, हेही बरेच जण विचारतात. आयोजकांची परवानगी असेल तरच, आणि बहुतेक ठिकाणी ती नसते. असलं तरी परीक्षण वहीवरून लिहा आणि मुद्रण फक्त तपासणीला वापरा: मुखड्याचे शब्द बरोबर आहेत का, तार षड्ज खरंच तेव्हा लागला का. मुद्रण दहादा ऐकून लिहिलेल्या परीक्षणात सभागृहात कुणाच्या लक्षातही आल्या नसतील अशा बारीक चुका गोळा होतात, आणि ती बैठक त्या संध्याकाळी कशी पोहोचली हे मात्र हरवतं.

राग ओळखता आला नाही तर? मंचावर जाहीर झालं नसेल तर नंतर साथीदारांना विचारा, ते आनंदाने सांगतात. आणि देशकाराची चाहूल वगैरे तुमच्या कानाला लागली नसेल तर ती वाक्यं लिहूच नका. ‘दहा मिनिटांत गाणं वर गेलं आणि फारसं खाली आलंच नाही, त्यामुळे सुरुवातीची शांतता पुन्हा मिळाली नाही’ हे रागशास्त्राचा एकही शब्द न वापरता लिहिता येतं, आणि तेही तेवढंच पक्कं आहे.

साथीबद्दल विद्यार्थी शेवटी एक ओळ टाकतात, ‘तबला आणि संवादिनीची साथ समर्पक होती.’ ही ओळ मी न वाचताच खोडतो. साथीचा उल्लेख ज्या मताशी तिचा संबंध आहे तिथेच करा. वहीत ‘पेटी मागे मागे, बरोबर’ असं आहे. ते या मैफलीत उपयोगी आहे, कारण पेटीवाल्याने गायिकेच्या आधी वर जाऊन तिला ओढलं नाही, वर जाण्याची निवड तिची होती. हे एक वाक्य मुख्य मताला आधार देतं आणि संवादिनीवादकाला न्यायही देतं. तबलजींबद्दल खास सांगण्यासारखं नसेल तर सुरुवातीला नाव द्या आणि पुढे जा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. पुढच्या असाइनमेंटसाठी मैफल अजून ठरवली नसेल तर एकाच कलाकाराची दीड-दोन तासांची बैठक निवडा. डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाला जाण्याचा मोह होईल. जा, ऐका, पण परीक्षणासाठी तिथल्या एका सत्रातला एकच कलाकार घ्या. चार-पाच कलाकार हजार शब्दांत बसवायला गेलात की प्रत्येकाच्या वाट्याला दोन-अडीचशे शब्द येतात, आणि तेवढ्यात मत आणि त्याची जागा दोन्ही मावत नाहीत. मग ‘मंत्रमुग्ध’ हा शब्द आपोआप येतो.